पुरानंतर ईएलसीबी सारखा पडतोय? सगळे एमसीबी खाली करूनही पडत असेल तर न्यूट्रल तपासा

लक्षणं साधारण अशी असतात. पाणी ओसरलं, गाळ काढला, पुरवठा सुरू झाला, दिवे लागले. तासाभरात डीबीतला, म्हणजे घरातल्या वीज-वाटपाच्या पेटीतला, ईएलसीबी खाली पडला. वर केला तर राहिला, गीझर लावल्यावर पुन्हा पडला. गीझर बंद ठेवला तर दुपारभर काही झालं नाही, पण संध्याकाळी सातच्या सुमारास आपोआप पडला. शेवटी सगळे एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे ब्रेकर, खाली करून फक्त ईएलसीबी वर ठेवला, तर तोही थोड्या वेळानं पडला. इथं घरमालक आणि वायरमन दोघंही एकाच निष्कर्षावर येतात: पाण्यामुळे ईएलसीबीच बिघडला, तो काढून वायर डायरेक्ट जोडून टाकू.

तसं अजिबात करू नका. वर सांगितलेल्या लक्षणांत ईएलसीबी बहुधा चोख काम करत असतो. भिजलेल्या घरात माणूस आणि विजेचा धक्का यांच्यामध्ये तेवढं एकच यंत्र उभं असतं. (आज बाजारात मिळतो तो खरं तर आरसीसीबी, पण दुकानात आणि घरात सगळे ईएलसीबीच म्हणतात, म्हणून इथंही तोच शब्द ठेवला आहे.) हा दोष कुठून येतो आणि तो कसा पकडायचा, ते खाली सविस्तर दिलं आहे. पुण्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं की सिंहगड रोडवरच्या एकतानगरी, निंबजनगर भागात तळमजल्यावर पाणी शिरतं, तर आंबिल ओढा फुगला की काठच्या वसाहतींत. त्या प्रत्येक घरात ही तपासणी लागू पडते.

पण त्याआधी एक गोष्ट. घरात किंवा पार्किंगमध्ये पाणी असताना मेन स्विच बंद करायला पाण्यातून जाऊ नका. २५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्यानं मृत्यू झाला. पाण्यात वीज उतरली आहे की नाही हे बघून कळत नाही. मेन स्विचपर्यंत कोरडी वाट नसेल तर महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या क्रमांकावर फोन करून रोहित्रावरून किंवा फीडर पिलरवरूनच पुरवठा बंद करून घ्या. मीटर, मीटरचं सील आणि त्याच्या आधीची केबल हे सगळं महावितरणचं. मीटर पाण्यात बुडालं असेल तर ते त्यांनीच बदलायचं असतं, सील तोडून आत पुसायला जायचं नाही.

मेन बंद केल्यावरही घर मृत झालं असं लगेच धरू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो आपणहून २३० व्होल्ट द्यायला लागतो. आधी इन्व्हर्टरचा स्विच बंद करा, मग बॅटरीची वायर सोडवा. छतावर सोलर असेल तर त्याचा एसी आणि डीसी असे दोन्ही आयसोलेटर खाली करा. खात्री करायची ती मल्टीमीटरनं, फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशी तिन्ही जोड्यांमध्ये. खिशातला निऑन टेस्टर इथं पुरेसा नाही. शेजारच्या जिवंत वायरच्या प्रभावानं तो मृत वायरवरही मिणमिणतो. उलट टेस्टर धरणारा माणूस लाकडी स्टुलावर उभा असेल तर जिवंत वायरवरही तो दिसेल न दिसेल इतका मंद लागतो.

ईएलसीबी नेमका कशावर पडतो

फेजनं जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला पाहिजे, ईएलसीबी एवढाच हिशोब ठेवतो. फरक पडला म्हणजे काही करंट दुसऱ्या वाटेनं, भिंतीतून, अर्थिंगमधून किंवा माणसाच्या अंगातून, जमिनीत गेला. घरगुती ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. याचा अर्थ ३० ला तो पडलाच पाहिजे आणि १५ पर्यंत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात तो कुठंही पडू शकतो. प्रत्यक्षात बरेचसे वीस-पंचवीसच्या आसपास पडतात.

हा फरक दोन प्रकारांनी तयार होतो. पहिला सगळ्यांना माहीत आहे. ओल्या सॉकेटमधून किंवा मशीनमधून फेज अर्थला गळते. हा दोष शोधायला सोपा, कारण त्या सर्किटचा एमसीबी वर केला की ईएलसीबी पडतो, खाली ठेवला की राहतो. एकेक एमसीबी वर करत गेलं की गुन्हेगार सापडतो.

दुसरा प्रकार न्यूट्रल आणि अर्थ कुठंतरी एकमेकांना चिकटण्याचा. पुरानंतर तो हमखास निसटतो, कारण आपल्याकडच्या घरांत एमसीबी सिंगल पोल असतात. एमसीबी खाली केला तर त्या सर्किटची फेज तुटते, पण न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल पट्टीला तशीच जोडलेली राहते. म्हणजे हॉलमधल्या बोर्डात न्यूट्रल अर्थला चिकटली असेल तर हॉलचा एमसीबी खाली असो की वर, दोष संपूर्ण घराला लागलेलाच असतो.

'न्यूट्रलमध्ये तर करंट नसतो, ती अर्थला लागली तर काय बिघडलं?' हा प्रश्न नेहमी येतो. न्यूट्रल रोहित्राजवळ अर्थला जोडलेली असते, तुमच्या घरात नाही. तिथून तुमच्या डीबीपर्यंत केबलची लांबी आणि जुने जॉइंट असतात. लोड वाढला की त्या लांबीत व्होल्टेज पडतं आणि घरातली न्यूट्रल अर्थपेक्षा एक, दोन, तीन व्होल्टनं वर उचलली जाते. एवढंसं व्होल्टेज माणसाला जाणवतही नाही, पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात शंभरेक ओहमची वाट तयार झाली असेल तर ईएलसीबी पाडायला ते पुरतं.

एक उदाहरण आकड्यांसकट

तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट धरू. पाणी जमिनीपासून अडीच फूट चढलं होतं. डीबी सहा फुटांवर, म्हणजे कोरडा. गीझर आणि एसी त्याहून वर, तेही कोरडे. स्विचचे बोर्ड चार फुटांवर असल्यानं वाचले. मात्र टीव्हीचा, बेडशेजारचे, फ्रिजचा आणि वॉशिंग मशीनचा असे खालचे बोर्ड पूर्ण बुडाले. लक्षणं सुरुवातीला सांगितली तीच, आणि गीझर लावल्यावर हमखास पडतो म्हणून संशय गीझरवर. गीझर काढून तपासला, तर तो ठणठणीत.

आता तपासणी. यातलं प्लग काढणं, कोणता एमसीबी वर असताना काय झालं ते वेळेसकट लिहून ठेवणं, इतकं घरच्यांनी करायचं. बोर्ड आणि डीबी उघडण्याचं काम परवानाधारक वायरमननंच करावं, आणि त्याच्याकडे मेगर असलाच पाहिजे. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशन मोजणारं यंत्र. मल्टीमीटर फक्त काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे ओलसर सॉकेट त्याला कोरडा वाटू शकतो. 'मेगर नाही, पण वीस वर्षांचा अनुभव आहे' असं म्हणणाऱ्या वायरमनला पुरानंतरचं काम देऊ नका.

मेन बंद, इन्व्हर्टर बंद, सगळे एमसीबी आणि डीबीतला ईएलसीबीही खाली. तो दोन्ही पोल तोडतो, म्हणून तो खाली असला की मोजणी बाहेरच्या न्यूट्रलला लागत नाही. घरातले सगळे प्लग बाहेर काढायचे. मग न्यूट्रल पट्टीवरची प्रत्येक वायर सोडवायची आणि ती कोणत्या एमसीबीची आहे त्याची चिठ्ठी लावायची. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. न्यूट्रल पट्टीवर एकत्र असताना एका सर्किटचा दोष सगळ्या सर्किटांवर दिसतो आणि वायरमन म्हणतो, 'सगळं वायरिंग गेलं.' अख्खं घर विनाकारण रिवायर होतं ते इथं.

त्यानंतर घरातले स्विच चालू करून ठेवायचे. स्विच बंद असेल तर त्याच्या पुढची वायर मोजणीत येतच नाही. पण स्विच चालू असल्यानं एलईडी दिवे आणि पंख्याचे रेग्युलेटर सर्किटमध्ये येतात आणि ५०० व्होल्टनं जळू शकतात. म्हणून पहिली मोजणी प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळून, ती जोडी एका बाजूला आणि अर्थ दुसऱ्या बाजूला अशी करायची. मेगर एक मिनिट धरायचा. किमान एक मेगओहम यायला हवा. कोरड्या, धड वायरिंगमध्ये शंभर-दोनशे मेगओहम सहज येतात, त्यामुळे एक म्हणजे काठावर पास समजा.

आपल्या फ्लॅटमध्ये आकडे असे आले असं धरू:

गीझर आणि एसी: २०० च्या वर
बेडरूम: ०.६
किचन: ०.३५
वॉशिंग मशीन: ०.०८
हॉल: ०.००

हे वाचायचं कसं? २३० व्होल्टला मेगओहमनं भागलं की गळती मायक्रोअँपिअरमध्ये मिळते. वॉशिंग मशीनच्या ०.०८ मेगओहमवर गळती साधारण ३ मिलिअँपिअर, किचनवर पाऊण मिलिअँपिअरपेक्षा कमी, बेडरूमची त्याहून थोडी. तिन्ही मिळून चारच्या आसपास. ही तिन्ही सर्किटं नापास आहेत, पण फक्त त्यांच्यामुळे ईएलसीबी पडणार नाही. म्हणूनच तो 'वर केला तर राहतो'.

हॉलच्या सर्किटमधले दिवे काढून, रेग्युलेटर सोडवून फेज आणि न्यूट्रल वेगवेगळी मोजली. फेज ते अर्थ ०.९, न्यूट्रल ते अर्थ ०.००. मेगरला इतकं खालचं वाचता येत नाही, म्हणून मल्टीमीटर लावला: ९० ओहम.

यावरून सगळी लक्षणं उलगडतात. घरात किरकोळ लोड असताना न्यूट्रल अर्थपेक्षा ०.८ व्होल्ट वर होती. ०.८ भागिले ९० म्हणजे जवळपास ९ मिलिअँपिअर. त्यात इतर सर्किटांचे चार मिळवले तर तेरा, पंधराच्या आत, ईएलसीबी शांत. दोन किलोवॅटचा गीझर लागला की पावणेनऊ अँपिअर न्यूट्रलमधून परत जाऊ लागतात, ती ३ व्होल्टपर्यंत उचलली जाते आणि गळती ३३ मिलिअँपिअरवर जाते. ईएलसीबी पडतो आणि नाव गीझरचं येतं. संध्याकाळी सातला शेजारच्या फ्लॅटमधले गीझर आणि इस्त्र्या चालू झाल्या की सामायिक न्यूट्रल २ व्होल्टपर्यंत चढते. मग तुमच्या घरातले सगळे एमसीबी खाली असले तरी २२ मिलिअँपिअर वाहतात आणि ईएलसीबी पडू शकतो.

आता हॉलमधला कोणता बोर्ड? सर्किट मधोमध तोडायचं. हॉलमध्ये पाच बोर्ड एकामागून एक लूप केलेले असतील तर तिसऱ्या बोर्डात पुढे जाणारी न्यूट्रल सोडवायची आणि दोन्ही बाजू मोजायच्या. ज्या बाजूला शून्य, तिकडं पुन्हा अर्ध्यावर. दोन-तीन फेऱ्यांत बोर्ड सापडतो. आपल्या उदाहरणात तो टीव्हीचा. लोखंडी बॉक्सच्या तळाशी बोटभर गाळ बसलेला, सॉकेटच्या न्यूट्रल टर्मिनलमधून बाहेर आलेल्या तांब्याच्या दोन काड्या त्या गाळात रुतलेल्या, आणि बॉक्स अर्थ केलेला. गाळ वरून वाळलेला दिसत होता, खाली चिखल तसाच होता.

बोर्ड आणि वायरमध्ये काय ठेवायचं, काय फेकायचं

बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी, ईएलसीबी आणि एक्स्टेन्शन बोर्ड धुऊन-वाळवून परत लावायचे नाहीत. स्विच आणि एमसीबीच्या आत संपर्काच्या बारीक पृष्ठभागावर गाळ बसतो, तिथं रोध वाढतो, लोड आल्यावर तो भाग तापतो. वाईट भाग हा की एमसीबी बाहेरून स्वच्छ दिसतो, वर-खाली होतो, पण शॉर्टसर्किटच्या वेळी वेळेत तुटेल याची शाश्वती उरत नाही. हे सामान उघडून साफ करण्यासाठी बनवलेलंच नाही. बोर्डची पुढची प्लेट मात्र धुऊन वापरता येते, आणि लोखंडी बॉक्स गंजला नसेल तर घासून वापरता येतो.

वायरची गोष्ट वेगळी. पीव्हीसीचं आवरण पाण्यानं लगेच बिघडत नाही. पाणी शिरतं ते कापलेल्या टोकातून, तांब्याच्या काड्यांच्या मधल्या फटीतून आवरणाखाली वर चढत. म्हणून प्रत्येक बुडालेल्या टोकाचं आवरण सोलून बघायचं. तांबं चकचकीत लालसर दिसेपर्यंत वायर कापत जायची. दहा-पंधरा सेंटिमीटर कापल्यावरही तांबं काळं किंवा हिरवट निघत असेल तर ती वायर ओढून काढायची आणि नवी घालायची, दिव्यांना दीड, पंधरा अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटर. पाइपमध्ये मध्येच टेप गुंडाळलेला जॉइंट सापडला तर तोही काढायचाच. भिजलेली टेप वाळत नाही.

खरा वेळ खाणारी जागा म्हणजे भिंतीतला पाइप. छतातून सरळ खाली येणाऱ्या पाइपमधलं पाणी बोर्डातून बाहेर निघून जातं. पण एका बोर्डातून जमिनीलगत दुसऱ्या बोर्डाकडे जाणारा पाइप खालच्या वळणावर पाणी धरून ठेवतो, आणि ते आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. बोर्ड बदलला, तीन दिवस सगळं ठीक चाललं आणि पुन्हा ईएलसीबी पडायला लागला, तर आधी हा पाइप बघा. वायर ओढून काढा, पाइपमधून आधी थोडं स्वच्छ पाणी सोडून गाळ बाहेर काढा, मग ब्लोअरनं किंवा ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं पाइप कोरडा करा आणि त्यानंतरच नवी वायर घाला. वायर आत असताना हवा मारली तर गाळ वळणावर आणखी घट्ट बसतो.

गाळ आधी धुवायचा, मग वाळवायचं. हा क्रम बॉक्सनाही लागू आहे. मुठेचं पुराचं पाणी म्हणजे नदीबरोबर नाले आणि ड्रेनेजही. ते वाळलं की क्षार मागे राहतात, आणि श्रावणातल्या दमट रात्री तेच क्षार हवेतली ओल ओढून घेऊन पुन्हा वीज वाहू लागतात. दिवसा ईएलसीबी राहतो आणि पहाटे पडतो, त्यामागे हे कारण असू शकतं.

हे सगळं होईपर्यंत घर अंधारात ठेवायची गरज नाही. पास झालेली सर्किटं चालू करता येतात. मात्र नापास सर्किटची फेज एमसीबीच्या खालून आणि न्यूट्रल पट्टीवरून, अशा दोन्ही वायर सोडवून, टोकांना कनेक्टर लावून डीबीत बाजूला ठेवायच्या. फक्त एमसीबी खाली करून भागत नाही, हे वर आलंच आहे. दिवे-पंखे आणि खालचा प्लग एकाच सर्किटवर असतील तर वरच्या स्विचबोर्डातून खालच्या बोर्डाकडे उतरणारी जोडी तिथंच तोडून दिवे चालू करता येतात.

चालू करताना

मीटरनंतरच्या मेनवर आधी व्होल्टेज मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास असावं. २७० किंवा त्यावर, नाहीतर १७० च्या खाली दिसत असेल, किंवा शेजारच्यानं गीझर लावल्यावर तुमच्याकडचं व्होल्टेज उसळत असेल, तर मेन लगेच खाली करा. मीटररूममध्ये किंवा पिलरमध्ये न्यूट्रल सैल किंवा तुटलेली आहे. हा दोष टीव्ही-फ्रिज एका रात्रीत जाळतो आणि ईएलसीबी त्यात काहीही करू शकत नाही. महावितरणला कळवा आणि सोसायटीतल्या सगळ्यांना मेन बंद करायला सांगा. पार्किंगमधल्या मीटररूममध्ये पाणी गेलं असेल तर तिथले मेन स्विच, बसबार आणि किटकॅट फ्यूजचे पाया तपासल्याशिवाय वरच्या कोरड्या मजल्यांचा पुरवठाही घेऊ नका.

मग ईएलसीबी वर करून त्याचं टेस्ट बटण दाबा. पडला नाही तर बदला. पडला तरी एवढंच कळतं की यंत्र चालतं. अर्थिंग शाबूत आहे का हे त्या बटणानं कळत नाही, ते प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत मोजावं लागतं. एक ओहमच्या आसपास किंवा कमी यायला हवं. त्यानंतर एकेक एमसीबी वर, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, प्लग अजून बाहेरच.

भिजलेली उपकरणं

सॉकेटमध्ये घालून 'चालतंय का बघू' ही पुरानंतरची सर्वांत महागडी चाचणी आहे. धुऊन वाळवलं असतं तर वाचली असती अशी मोटर किंवा सर्किट त्या एका क्षणात जळतं. आधी उपकरणाच्या प्लगवरच मेगर लावा. फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र आणि अर्थ पिन दुसऱ्या बाजूला, उपकरणाचा स्विच चालू स्थितीत. एक मेगओहमच्या खाली असेल तर सॉकेटजवळ नेऊ नका.

फ्रिजमध्ये आशा बरीच असते. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्याच्या आत पाणी जात नाही. भिजतात ते त्याच्या कडेचे रिले, ओव्हरलोड आणि टर्मिनल, आणि ते स्वस्तात बदलता येतात. पण पाणी दाराच्या वर चढून भिंतीतल्या फोममध्ये गेलं असेल तर फ्रिज चालेल, थंडपणा धरणार नाही आणि वासही जाणार नाही. तो दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. इन्व्हर्टर फ्रिजचं कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, अनेकदा मागे खाली असतं. ते बुडालं असेल तर बदलायचंच.

वॉशिंग मशीनची मोटर खाली असते, आणि अनेक मॉडेलांत कार्डही. कार्ड मेगरवर पास होऊ शकतं आणि तरीही धोक्याचं असतं, कारण मेगर फक्त अर्थकडची गळती बघतो, कार्डावरच्या दोन पट्ट्यांमधला गाळ त्याला दिसत नाही. हाच नियम टीव्ही, मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी आणि सेट-टॉप बॉक्सलाही. बुडालेलं कार्ड कंपनीच्या तंत्रज्ञानं उघडून बघितल्याशिवाय त्याला वीज देऊ नका. मिक्सर आणि टेबल फॅन मेकॅनिककडे खोलून, धुऊन, वाळवून वाचतात. हेअर ड्रायरनं बाहेरून वाळवणं मात्र निरुपयोगी, गुंडाळ्यांच्या आतली ओल त्यानं निघत नाही.

सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर बहुतेक वेळा वाचवता येते. ती खोलून स्वच्छ पाण्यानं धुवायची, रिवायंडिंगवाल्याच्या भट्टीत ८०-९० अंशांवर वाळवायची, बेअरिंग आणि कपॅसिटर नवे घालायचे. वाळवताना मेगरचा आकडा आधी थोडा पडतो, मग चढतो आणि एका जागी स्थिरावतो. तो स्थिरावल्यावरच बाहेर काढायची. स्टार्टर पॅनेल मात्र बदला.

इन्व्हर्टरची बुडालेली बॅटरी परत चार्ज करू नका. इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरी बुडाली असेल तर ती घरात, जिन्याखाली किंवा मीटररूमजवळ ठेवू नका. आत शिरलेल्या पाण्यामुळे ती काही दिवसांनीही पेटू शकते. स्कूटर उघड्यावर, इमारतीपासून लांब उभी करा, चार्जर लावू नका आणि कंपनीला कळवा.

आपल्या उदाहरणातल्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा बॉक्स घासून, वायर दहा सेंटिमीटर कापून आणि नवं सॉकेट लावून हॉलचं न्यूट्रल ते अर्थ ३ मेगओहमवर येईल, म्हणजे पास, पण भिंत अजून ओली. प्लास्टर वाळायला आठवडे लागतात. डीबीच्या दाराच्या आत कागद चिकटवून प्रत्येक सर्किटचा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा चढत असेल तर घर वाळतंय. एखादा आकडा तिथंच थांबला किंवा खाली आला तर त्या सर्किटच्या पाइपमध्ये अजून पाणी आहे. आणि बोर्ड उघडलेच आहेत तर खालचे प्लग वेगळ्या सर्किटवर घ्या आणि त्या सर्किटला सिंगल पोल एमसीबीऐवजी डबल पोलचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि ईएलसीबी एकत्र असलेलं यंत्र, बसवा, आणि त्याचा पुरवठा मुख्य ईएलसीबीच्या आधीच्या बाजूनं घ्या. पुढच्या पावसाळ्यात खालचा बोर्ड भिजला तर तेवढाच पडेल, न्यूट्रलसकट तुटेल आणि बाकी घर चालू राहील.